पंखा का वाजतोय?

आईच्या मते आमच्या कम्प्युटरला दमा आहे. मागच्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या बेचक्यात तो उभा असतो. २०१३ साली घेतलेला, आय-थ्री, त्या वेळी भारी वाटलेला. एरवी तो घरात आहे की नाही हेही कळत नाही. पण आई हॉलमध्ये टीव्हीवर मुंज लावून बसली, की दहा-पंधरा सेकंदांत मागून घरघर सुरू व्हायची. ती चढत जायची आणि शेवटी मिक्सरवर चटणी वाटल्यासारखा आवाज घरभर व्हायचा. इकडे टीव्हीवर मातृभोजनाचा घास हवेतच थांबलेला, मधोमध गोल चक्र फिरतंय. आई म्हणायची, "दमला बघ तो. जरा बसू दे त्याला."

मुंज माझ्या भाच्याची. २०२३ ची. भाऊ बंगळुरूला असतो, पण मुंज पुण्यातच करायची असं ठरलेलं होतं. कार्यालय, केळवण, सगळं यथासांग झालं आणि दोन महिन्यांनी कॅमेरामनने हार्ड डिस्कवर एकच फाइल आणून दिली. २ तास १० मिनिटांची, ४७ जीबीची. फोर-के. आजकाल कॅमेरामन फोर-केच्या खाली बोलतच नाहीत, मग बघणाऱ्याच्या घरी काही का असेना.

आईचा पहिला सल्ला व्यवहारी होता. "पेन ड्राइव्हवर घे आणि टीव्हीच्या पाठीला लाव. शेजारचे तसंच करतात." केलं. ६४ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह, ४७ जीबीची फाइल, आणि कम्प्युटर म्हणतो फाइल फार मोठी आहे. जागा आहे, तरी मोठी आहे! पेन ड्राइव्ह फॅट-थर्टीटू पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एकेक फाइल ४ जीबीच्या आतच लागते. वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केला तर आमच्या टीव्हीला तो दिसेना. तेव्हा मी वैतागून मीडिया सर्व्हरच्या मागे लागले.

मीडिया सर्व्हर म्हणजे कम्प्युटरवर चालणारं एक ॲप. ते तुमच्या व्हिडिओंची यादी ठेवतं आणि घरातल्या राउटरवरून टीव्हीला हवी ती फाइल पुरवतं. मी जेलीफिन घेतलं. ते फुकट आहे, कुठे खातं उघडावं लागत नाही. २०१८ च्या शेवटी एम्बी नावाच्या सर्व्हरने आपला कोड झाकायला घेतला, तेव्हा त्यातल्याच काही लोकांनी उघडा कोड घेऊन वेगळी चूल मांडली, ते हे जेलीफिन. बसवायला अर्धा तास लागला. कम्प्युटरवर सर्व्हर, टीव्हीवर त्याचंच ॲप, आणि टीव्हीला एकदा पत्ता सांगायचा: `http://192.168.1.24:8096`. एवढंच.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. व्हिडिओंचा फोल्डर दाखवताना मी प्रकार 'सिनेमे' असा निवडला होता. जेलीफिनने मुंजीच्या फाइलचं नाव वाचलं, नेटवर जाऊन सिनेमांच्या यादीत शोधलं आणि भाच्याच्या मुंजीला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवून टाकलं. बंदूक घेतलेला एक दाढीवाला. आईने ते बघून विचारलं, "हे गुरुजी कोण?" घरच्या व्हिडिओंसाठी `Home Videos and Photos` हा वेगळा प्रकार असतो. तो निवडला की ते असा आगाऊपणा करत नाही.

तिचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता: "यात डेटा किती जातो?" शून्य. फाइल मागच्या खोलीतून निघते, राउटरपर्यंत येते आणि हॉलमध्ये जाते. ती घराबाहेर पाऊलच टाकत नाही. मागच्या पावसाळ्याआधी आमच्या रस्त्यावर खोदकामात कुणीतरी केबल तोडली आणि दोन दिवस सगळ्या सोसायटीचं नेट गेलं, तेव्हा आमच्याकडे टीव्ही मजेत चालू होता. तिला ते अजून पटलेलं नाही. ती बघून झालं की राउटरच बंद करते.

तर घरघर.

माझा पहिला अंदाज तोच होता जो कुणाचाही झाला असता. कम्प्युटर म्हातारा, फाइल अवजड, म्हणून झेपत नाही. मी ॲपमध्ये जाऊन दर्जा कमी केला. आधी २० मेगाबिट, मग ८. म्हटलं, ओझं कमी केलं की बिचारा धावेल. काही फरक नाही. उलट चित्र धुरकट झालं आणि पंखा होता तसाच. नवा कम्प्युटर घ्यायचे आकडे मनात मांडून झाले. ओळखीच्या दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड सुचवलं, आणि मी जवळजवळ घेतलंच होतं.

थांबवलं मला एका साध्या शंकेने. टीव्ही फोर-के आहे. त्याच दर्जाचे चित्रपट तो नेटवरून ऐटीत दाखवतो, तेही आत कुठलाही पंखा नसताना. मग हीच फाइल उघडायला मागच्या खोलीतल्या कम्प्युटरला एवढं काय करावं लागतंय? तो नुसता डाकिया असेल तर डाकियाला घाम का फुटावा?

त्याचं उत्तर असं, की तो नुसता डाकिया नव्हता. सर्व्हर दोन तऱ्हांनी वागतो. पहिली तऱ्हा: फाइल डिस्कवरून उचलायची आणि जशीच्या तशी टीव्हीकडे ढकलायची. आत काय आहे ते टीव्ही बघून घेईल. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि यात कम्प्युटरला काहीच कष्ट नसतात. दुसरी तऱ्हा: फाइल स्वतः उघडायची, एकेक चित्र सोडवायचं, ते लहान करून नव्याने आवळायचं आणि काही सेकंदांचे तुकडे पाडून टीव्हीला भरवत राहायचं. हे ट्रान्सकोडिंग. आमच्या घरी, मला न विचारता, हे दुसरं चाललं होतं.

ओळखायचं कसं, तर सर्व्हरचा डॅशबोर्ड ब्राउझरमध्ये उघडायचा. टीव्हीवर काही चालू असेल तर तिथे त्याची एक चौकट दिसते आणि डायरेक्ट प्ले चालू आहे की ट्रान्सकोडिंग, ते त्यात लिहिलेलं असतं. ट्रान्सकोडिंग असेल तर कारणही असतं. आणखी खोलात जायचं असेल तर लॉग. जेलीफिन हे काम आतल्या आत एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रामकडून करून घेतं, आणि तो दर काही क्षणांनी हिशोब लिहीत असतो. त्यातली एक ओळ अशी:

```
frame=  212 fps=7.6 time=00:00:08.48 speed=0.304x
```

शेवटचा आकडा बघायचा. `speed` १ असेल तर एका सेकंदाचा व्हिडिओ एका सेकंदात तयार होतोय. एकाच्या वर कितीही असला तरी चालतं. आमच्याकडे ०.३ होता. म्हणजे तीन सेकंदांचा घास शिजवायला दहा सेकंद. म्हणूनच टीव्हीवर तीन सेकंद मंत्र, सात सेकंद चक्र, पुन्हा तीन सेकंद मंत्र, असं चालायचं. घड्याळ लावून बघितलं, थांबणं अगदी तालात होतं. हा ताल लक्षात ठेवण्यासारखा आहे, त्याच्याकडे परत येऊ.

दर्जा कमी करून फरक का पडला नाही, तेही इथे उमगलं. मी ८ मेगाबिट मागितले काय किंवा २० काय, मूळ फोर-के चित्र आधी सोडवावं तर लागणारच. मोठा खर्च तिथेच होता. फाइल एचईव्हीसी पद्धतीने आवळलेली होती. ही पद्धत २०१३ ची, आणि आमच्या कम्प्युटरची चिप तिच्या आधीच्या पिढीतली. त्या चिपमध्ये एचईव्हीसी सोडवायची वेगळी सोय नाही, त्यामुळे सगळं गणित प्रोसेसरने हाताने करायचं. टीव्हीमध्ये मात्र त्यासाठीच घडवलेला भाग असतो. त्याला ते चुटकीसरशी जमतं. आमच्या घरात या बाबतीत टीव्ही हा कम्प्युटरपेक्षा हुशार निघाला आणि आम्ही हुशाराला बसवून अडाण्याकडून काम करून घेत होतो.

पण का? टीव्हीला ती फाइल झेपत होती, तर सर्व्हरने मध्ये हात का घातला? डॅशबोर्डवर कारण होतं, लॉगमध्येही त्याच अर्थाचा शब्द: `ContainerBitrateExceedsLimit`. फाइलचा बिटरेट ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. मर्यादा ठरवली कुणी? माझ्या टीव्हीवरच्या ॲपने. त्यात दर्जासाठी मुळात 'ऑटो' लावलेलं होतं. ते सुरुवातीला सर्व्हर आणि टीव्ही यांच्यामधली वाट किती रुंद आहे ते स्वतः मोजतं आणि त्याहून रुंद काही आलं तर सर्व्हरला सांगतं, हे बारीक करून पाठव.

आता बिटरेटचं गणित. त्याला कॅल्क्युलेटर पुरतो. ४७ जीबी म्हणजे ४७,००० मेगाबाइट. ८ ने गुणा, ३,७६,००० मेगाबिट. व्हिडिओ २ तास १० मिनिटांचा, म्हणजे ७,८०० सेकंद. भागाकार ४८. सेकंदाला ४८ मेगाबिट सतत वाहायला हवेत, दोन तास, न अडखळता. आणि आमच्या ॲपला वाट दिसत होती वीसच्या आसपास.

मी खात्री करून घेतली. लॅपटॉप टीव्हीसमोरच्या टीपॉयवर ठेवला, टीव्ही ज्या वायफायवर आहे त्यावरच जोडला. मागच्या कम्प्युटरवर `iperf3 -s` चालू केलं आणि लॅपटॉपवर हे:

```
iperf3 -c 192.168.1.24 -R
```

यात इंटरनेटचा संबंध नसतो. या खोलीतून त्या खोलीत किती वेगाने बाइट येतात एवढंच मोजलं जातं. `-R` अशासाठी, की कम्प्युटरकडून लॅपटॉपकडे येणारा वेग हवा, उलटा नको. दुपारी २५ मेगाबिट. रात्री ९ नंतर १५. राउटरच्या खोक्यावर मात्र ठळक ३०० छापलेलं.

तर गोष्ट अशी होती. आमच्याकडे नेटची वायर मागच्या गॅलरीतून येते म्हणून राउटर मागच्या खोलीत. टीव्ही हॉलमध्ये. मध्ये दोन भिंती, त्यातली एक जुन्या पद्धतीची नऊ इंची. टीव्ही स्वस्तातला, त्याला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय येतं, ५ गिगाहर्ट्झचं दिसतच नाही. आणि २.४ म्हणजे लक्ष्मी रोड आणि तीही दिवाळीच्या आदल्या शनिवारची. एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या हॉलमधून फोनला एकोणीस वायफाय दिसतात. त्यातल्या एकाचं नाव 'Password_Vicharu_Naye' आहे. पुणेरी पाटी आता अशी हवेत लागते.

दुखणं वायफायला होतं, कण्हत होता कम्प्युटर. वाट अरुंद म्हणून ॲपने बारीक करून मागितलं, बारीक करायला कम्प्युटर बसला, त्याला जमेना म्हणून चित्र अडकलं. आवाज येत होता तो सगळा साखळीच्या मधल्या कडीतून. ग्राफिक्स कार्ड घेतलं असतं तर पंखा थांबला असता आणि आई आयुष्यभर २० मेगाबिटचा धुरकट घास बघत बसली असती, आणि मी म्हटलं असतं, झालं बाई एकदाचं.

केबल टाकण्याआधी मी एक प्रयोग केला आणि तो तुम्हीही करून बघा, कारण दोन दुखणी वेगळी करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ॲपमधला 'ऑटो' काढून मर्यादा मुद्दाम १२० मेगाबिट केली. म्हणजे सर्व्हरला सांगितलं, वाटेची काळजी तू करू नकोस, आहे तसं पाठव. पंखा तत्काळ गप्प. डॅशबोर्डवर डायरेक्ट प्ले. प्रोसेसर दोन-तीन टक्क्यांवर. आणि टीव्ही? अडकतच होता, पण आता निराळा अडकत होता. चाळीस सेकंद सुरळीत, मग वीस सेकंद चक्र, मग दहा सेकंद, मग बराच वेळ चक्र. ताल गेला होता. दुपारी कमी, रात्री जास्त. प्रोसेसर मागे पडला की अडकणं यंत्रासारखं एकसारखं असतं, आणि वायफाय मागे पडलं की ते लहरी असतं, शेजारच्यांच्या मालिकांच्या वेळा सांभाळणारं. हे एकदा डोळ्यांत बसलं की डॅशबोर्ड न उघडताही सांगता येतं.

पुढचं काम तपकीर गल्लीचं. बुधवार पेठेतली ती गल्ली माहीत नसेल असा पुण्यातला वायरींवाला विरळाच. कॅट-सिक्स, वीस मीटर मागितली. दुकानदाराने विचारलं, "कॉपर की कोटेड?" हा प्रश्न तिथे खरंच विचारतात, याचंच मला कौतुक वाटलं. कोटेड म्हणजे आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. स्वस्त असते, पण वाकवता-वाकवता तुटते. कॉपर घेतली. "क्लिपा लावून देऊ?" मी हो म्हणणार होते, पण क्लिप लावलेलं टोक भिंतीतल्या भोकातून जात नाही. टोकं घरी लावायची ठरली.

आमच्या इलेक्ट्रिशियनने पॅसेजच्या छताखालून केसिंग पट्टी मारून वायर हॉलपर्यंत आणली. आईची अट होती की पट्टी देवाच्या फळीवरून जाता कामा नये. त्यापायी दोन मीटर जास्त गेली, म्हणून बरं झालं वीस घेतली. टोकं मी लावली, पहिलं चुकलं, दुसरं लागलं. टीव्हीच्या पाठीमागचं लॅनचं भोक बहुतेक टीव्हींत १०० मेगाबिटचंच असतं आणि १०० मेगाबिटला केबलमधल्या आठांपैकी चारच तारा लागतात. त्यामुळे माझ्यासारखीचं अर्धंकच्चं क्रिम्पिंगही खपून जातं. लॅपटॉप त्याच वायरीला लावून पुन्हा मोजलं, तो वेग मात्र मी टीव्हीच्या मापाने १०० वर बांधून बघितला: ९४. सकाळी ९४, रात्री ९ वाजताही ९४. चाळीस-पन्नास हवेत आणि चौऱ्याण्णव आहेत.

कॅमेरामनने उद्या १२० मेगाबिटची फाइल दिली तर मात्र ही वायर कमी पडेल, हे मला माहीत आहे. चांगलं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय असलेला टीव्ही तेव्हा वायरीपेक्षा पुढे जाईल. वायर म्हटली की नेहमीच भारी, असं नसतं. टीव्ही कंपन्यांनी ते भोक अजून इतकं अरुंद का ठेवलंय, देव जाणे.

मुंज त्या संध्याकाळी आईने सलग पाहिली. दोन तास दहा मिनिटं. मध्ये फक्त एकदा थांबवली, भिक्षावळीत कुणी काय साडी नेसलंय ते बघायला.

नंतरच्या एका गुरुवारी लाइट गेली. आमच्याकडे गुरुवार तसा ठरलेलाच. लाइट आल्यावर टीव्ही म्हणाला, सर्व्हर सापडत नाही. आईने फोन करून ऑफिसात मला सांगितलं, "गेला तो." गेला नव्हता, घर बदललं होतं. राउटर बंद होऊन चालू झाला, त्याने पत्ते नव्याने वाटले आणि कम्प्युटरच्या वाट्याला शेवटी २४ ऐवजी २७ आला. टीव्ही जुन्या दारावर टकटक करत बसलेला. राउटरच्या सेटिंगमध्ये कम्प्युटरसाठी पत्ता राखून ठेवता येतो, गाडीच्या सीटवर रुमाल टाकतो तसा. तो टाकला, त्यानंतर बरेच गुरुवार आले आणि गेले.

आणि मग आईने कपाटातून आजोबा काढले.

म्हणजे आईच्या वडिलांचा व्हिडिओ. २००४ साली त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, तेव्हा भावाने उसन्या कॅमेऱ्यावर, त्या छोट्या मिनी-डीव्हीच्या कॅसेटवर, त्यांना नारायण पेठेतल्या वाड्यात बसवून तासभर बोलतं केलं होतं. विषय पानशेत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि पाणी वाड्यात शिरलं, त्याची गोष्ट. कॅसेट त्याने तेव्हाच कम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. एक तास, १३ जीबी, एव्हीआय फाइल.

फाइल लावली. चित्र आलं, न अडकता. आणि मागच्या खोलीतून घरघर.

आता वाट तर रुंद होती. डॅशबोर्डवर या वेळी कारण वेगळं: `VideoCodecNotSupported`. एव्हीआय, एमकेव्ही, एमपीफोर ही नावं डब्याची असतात. डबा बघून आत भाजी कुठली ते कळत नाही. आमच्या टीव्हीला एव्हीआयचा डबा उघडता येतो, पण या डब्यात डीव्ही होतं, कॅसेटच्या कॅमेऱ्यांची पद्धत, आणि ती टीव्हीने कधी चाखलेलीच नाही. म्हणून सर्व्हर त्याला ती दर वेळी नव्याने रांधून वाढत होता. चित्र लहान, ७२० बाय ५७६, त्यामुळे `speed` चार-पाचच्या घरात होता आणि अडकत काही नव्हतं. चाललं असतं. पण आई ही गोष्ट आठवड्यातून दोनदा लावणार हे मला दिसत होतं, आणि प्रत्येक वेळी तोच तास तोच कम्प्युटर पुन्हा रांधणार, हे काही पटेना. एकदाच करून ठेवू.

एच-टू-सिक्स-फोरमध्ये बदलून एमपीफोरच्या डब्यात भरली. टीव्हीने ती लगेच घेतली, डायरेक्ट प्ले. मी खुशीत आईला हाक मारली. आजोबा सांगत होते, "पाणी असं चढत चढत," आणि हात वर नेत होते. तो हात दिसेना. हाताच्या जागी कंगवा होता. बोटांच्या कडांना आडवे दात फुटलेले, हात जितका भरभर हलेल तितके लांब. हात थांबला की दात गायब.

चूक माझी होती. डीव्हीचा कॅमेरा एका सेकंदाला २५ पूर्ण चित्रं काढत नाही. तो ५० अर्धी काढतो. एकदा विषम ओळी, एका पन्नासांश सेकंदाने सम ओळी. जुना टीव्ही त्या तशाच एकापाठोपाठ दाखवायचा, त्यामुळे हालचाल लोण्यासारखी दिसायची. मी बदलताना दोन अर्धी एकत्र शिवून टाकली होती. पण त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये हात पुढे सरकलेला, म्हणून एकाआड एक ओळीत हात दोन ठिकाणी. हे विणकाम उसवायला डीइंटरलेसचा एक फिल्टर लागतो. पुन्हा केलं, या वेळी असं:

```
ffmpeg -i panshet.avi -vf bwdif -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k panshet.mp4
```

यातला `bwdif` प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र बनवतो, म्हणजे सेकंदाला ५० मिळतात आणि हालचाल कॅमेऱ्याने टिपली तशीच राहते. `-crf 18` म्हणजे जागेची काटकसर न करता दर्जा सांभाळ. पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ पंखा मनसोक्त वाजला. फाइल झाली दोन जीबीच्या आसपास. मूळ १३ जीबीची एव्हीआय मी पुसलेली नाही आणि पुसणारही नाही. उद्या याहून चांगला फिल्टर आला तर त्याला कॅसेटवरचंच हवं, माझं उसवून शिवलेलं नको.

रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा लावलं. आजोबा उपरणं सावरून बसले. पानशेतवर आले. "पाणी असं चढत चढत," हात गुडघ्यापासून निघाला, स्वच्छ, पाचही बोटं सुटी, अंगठी दिसतेय, आणि कोनाड्याच्या वर भिंतीशी जाऊन थांबला. "इथपर्यंत."

"काहीतरीच अण्णांचं," आई म्हणाली. "कोनाड्याच्या खालीच होतं. मी आठ वर्षांची होते, मला चांगलं आठवतंय. कोनाड्यातला गणपती कोरडा होता."

तिने रिमोटने मागे नेलं, पुन्हा हात वर जाताना पाहिला. मग मान वळवून मागच्या खोलीकडे कान दिला.

"अगं, पंखा वाजत नाहीये. चालू आहे ना तो?"